दीड मीटरचा माणूस

देशिंगकर सरांचं पाळण्यातलं नाव नृसिंह, पण गर्जना अशी घरात कधी ऐकू आली नाही. ती सगळी दहावीच्या वर्गासाठी राखून ठेवलेली. कोल्हापुरातल्या त्या दगडी हायस्कुलात भूमिती शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले. इमारत शाहू महाराजांच्या अमदानीतली, भिंती हात-हात रुंदीच्या, तरी सरांचा आवाज शेजारच्या वर्गात जायचाच. तिथं इतिहास चाललेला असला तरी पोरं मान डोलवत म्हणायची, "काटकोन त्रिकोणात...!"

सर मूळचे गारगोटीकडचे. लहानपणी ओढ्यापलीकडच्या आंब्याची उंची सावलीवरून काढून त्यांनी आजोबांना सांगितली होती, आणि आजोबांनी "आंबे किती लागल्यात ते सांग की" म्हणून उडवून लावलं होतं. हा किस्सा सर दरवर्षी सांगत. सांगताना स्वतःच इतके हसत की शेवट कुणाला कळतच नसे. पण त्या हसण्यामागोमाग डस्टर टेबलावर आपटलं की वर्ग समजून जायचा, आता त्रिकोणमिती.

शाब्दिक उदाहरण म्हणजे सरांचा देव्हारा. तिथं कसलीही कसूर चालत नसे. "चार मार्कांचं उदाहरण म्हणजे चार घास," ते म्हणायचे. "आकृती हा पहिला घास. पट्टीनं काढायची, काटकोनाची खूण करायची, दिलेलं माप आकृतीवर लिहायचं. मग 'समजा' लिहायचं. समजा एबी ही इमारत. न सांगता एबी कुठनं आली ते तपासणाऱ्याला काय स्वप्नात दिसणार हाय? मग कुठलं गुणोत्तर, का घेतलं, किमती घालून उकल. आणि शेवटी उत्तर, पूर्ण वाक्यात, एककासकट. एक घास टाकून उठलास की पोट भरत न्हाय आणि बोर्ड पण मार्क देत न्हाय."

बाळासो म्हणून एक धिप्पाड पोरगा होता, तालमीत जाणारा. त्यानं वादळानं मोडलेल्या झाडाचं उदाहरण सोडवलं. झाडाचा शेंडा बुंध्यापासून तीस मीटरवर जमिनीला टेकलाय, तीस अंशांचा कोन झालाय, तर झाडाची मूळ उंची किती? बाळासोनं उभा राहिलेला बुंधा काढला, दहा मूळ तीन, आणि खाली दोन रेघा मारून मोकळा झाला.

"बाळासो, उरलेलं झाड कुठाय?"

"सर, ते मोडून पडलंय की."

"पडलंय म्हणून घरात जळणाला नेलंस व्हय रं? ते वीस मूळ तीन कोण मिळवणार, तुझा वस्ताद? मूळ उंची विचारलीया. दहा आणि वीस, तीस मूळ तीन. म्हणजे एकावन्न पूर्णांक नऊ."

"एकावन्न पूर्णांक नऊ, सर!"

"काय एकावन्न? म्हशी?"

"मीटर, सर!"

वर्ग हसून लोळायचा. आणि दाराबाहेर स्टुलावर बसलेला शाळेचा शिपाई अमीन सगळ्यांच्या वरताण हसायचा.

आता या अमीनभाईंची गोष्ट. माणूस बुटका, पण चालायचा असा ताठ की टोपीसकट दारातनं येताना उगीच वाकायचा. घंटा द्यायची, खडू द्यायचे, मुख्याध्यापकांचा चहा आणायचा, ही कामं पगाराची. बिनपगारी काम एकच, आणि ते त्याला सगळ्यांत प्यारं. दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की सर वर्गाला मैदानात न्यायचे. कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला शिशाचा गोळा बांधलेलं एक साधन त्यांनी स्वतः केलं होतं. त्यातनं इमारतीच्या टोकाकडं बघायचं, दोरा किती अंशावर लोंबतो ते वाचायचं, आणि उंची काढायची. बघायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे अमीन.

त्याची निवड उगीच नव्हती झाली. पहिल्या वर्षी सरांनी त्याला भिंतीला उभा करून डोळ्यांची उंची मोजली, ती बरोबर दीड मीटर भरली. सर असे खूश झाले की जणू सोनं सापडलं. "अमीनभाई, तुम्ही पुस्तकातनं आलाय!" म्हणाले. कारण पुस्तकातल्या उदाहरणात बहुतेक वेळा माणूस दीड मीटरचाच असतो. मैदानाकडच्या भिंतीवर त्या उंचीला त्यांनी तेलरंगानं तांबडी रेघ मारली. तेव्हापासून पोरं अमीनला दीड मीटरचाचा म्हणायला लागली. त्याला राग नव्हता. उलट नव्या पोरांना तो स्वतःच रेघ दाखवायचा.

मैदानात तो डोळ्याला साधन लावून उभा राहायचा, छाती काढून, आणि सर ओरडायचे, "इमारतीपासून अंतर बारा मीटर, कोन पंचेचाळीस अंश. उंची किती?"

"बारा मीटर!" कुणीतरी घाईत म्हणायचंच. दर वर्षी म्हणायचं.

मग सरांचा तो ठेवणीतला विनोद यायचा. "अरे, बारा मीटर अमीनभाईंच्या डोळ्यापासून वर! डोळ्याखालचा माणूस कुठं गेला? जमिनीत पुरलास व्हय त्याला?"

आणि अमीन दोन्ही हात वर करून ओरडायचा, "जित्ता हाय मी, पोरांनो! मला मिळवा!" मग सगळा वर्ग एका आवाजात, "बारा अधिक दीड, साडेतेरा मीटर!" असं दरसाल व्हायचं. पास होऊन गेलेली, मिशा आलेली पोरं रस्त्यात भेटली की अजून ओरडायची, "चाचा, तुम्हाला मिळवलं बरं का!"

अमीनची एकुलती एक लेक हाफिजा. ती नववीत गेली तेव्हाच त्यानं सरांना बजावलं होतं, "पुढल्या साली माझी पोरगी तुमच्या वर्गात येणार. भूमितीत तिचा एक मार्क कापून दाखवा." आणि त्याच तोऱ्यात एका बकरी ईदेला घरी जेवताना मेव्हण्यापुढं बोलून बसला. मेव्हणा दिलदार शिरोळचा, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, माणूस बोलायला फटकळ. तो म्हणाला, "दाजी, पोरीला दहावी केली की बास करा. शिरोळात चांगली स्थळं हायत."

अमीन म्हणाला, "भूमितीत पैकीच्या पैकी पडले तर पॉलिटेक्निकला घालणार. इमारती बांधंल ती. एक जरी कमी पडला तर तू म्हणशील तसं."

हुसेनबीनं, म्हणजे हाफिजाच्या आईनं, नवऱ्याकडं डोळे वटारून बघितलं. पण शब्द गेला तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत अमीननं तो सरांनाही ऐकवला.

हाफिजा दहावीत आली. पोरगी अबोल, अक्षर टाइप केल्यासारखं. दिवाळीच्या सुट्टीत एके सकाळी अमीन शाळेची टाकी धुवायला म्हणून उठला, छातीत कळ आली म्हणून खाली बसला, आणि बसला तो बसलाच. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. कब्रस्तानात देशिंगकर सर सगळ्यांच्या मागं उभे होते. मूठभर माती टाकायची त्यांची पाळी आली तेव्हा ती त्यांच्या हातून सुटेना. कुणीतरी हलकेच म्हणालं, "सर, टाका." मग टाकली.

शाळा उघडली. त्या साली सरांनी वर्गाला मैदानात नेलं नाही. साधन कपाटातच राहिलं. फळ्यावर आकृती काढून धडा उरकायचा त्यांनी ठरवलं. दुसऱ्या बाकावर हाफिजा, ओढणी डोक्यावरून, मान खाली. फळ्यावर दीड मीटरच्या माणसाचं उदाहरण होतं. सरांनी विचारलं आणि नेमका बाळासो घाईनं दीड न मिळवता उत्तर ओरडला.

सवयीची जीभ ती. इतकी वर्षं त्या जागी जो शब्द यायचा तोच आला. "डोळ्याखालचा माणूस कुठं गेला? जमिनीत पुरलास व्हय त्याला?"

कुणी हसलं नाही. दाराबाहेरून कुणी ओरडलं नाही. बाळासोनं मान खाली घातली. सरांना वाटलं, यंदाची बॅच मुळमुळीत आहे. त्यांनी फळा पुसला आणि पुढचं उदाहरण घेतलं. हाफिजाच्या बाकाकडं त्यांचं लक्षच गेलं नाही.

सराव परीक्षेत ते लक्ष गेलं. प्रश्न असा होता: दीड मीटर उंचीचा माणूस साखर कारखान्याच्या धुराड्यापासून तीस मीटरवर उभा आहे. धुराड्याच्या टोकाकडं बघताना साठ अंशांचा उन्नत कोन होतो, तर धुराड्याची उंची किती? हाफिजाचा पेपर सरांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, गोड घास शेवटी ठेवावा तसा. पान उघडलं आणि कपाळाला आठ्या पडल्या.

आकृती पट्टीनं काढलेली, सुबक. समजा लिहिलेलं. टॅन साठ बरोबर मूळ तीन, किमती घातलेल्या, तीस मूळ तीन, म्हणजे एकावन्न पूर्णांक नऊ. "धुराड्याची उंची ५१.९ मीटर आहे." पूर्ण वाक्य, एककासकट. फक्त आकृतीत माणूसच नव्हता. कोन थेट जमिनीवर काढलेला. दीड कुठंच मिळवलेला नव्हता.

सरांनी आकृतीचा मार्क कापला, शेवटच्या पायरीचा कापला. चारांतले दोन दिले. आणि तिला बोलावून घेतलं.

"हाफिजा, दुसऱ्या कुणी केलं असतं तर बोललो नसतो. उत्तर त्रेपन्न पूर्णांक चार हाय. सीडी हा माणूस कुठाय? प्रश्नात चक्क दीड मीटर दिलंय, तू वाचलं न्हाईस?"

"वाचलं, सर."

"मग विसरलीस?"

"न्हाय."

"मग? बोर्डात असंच करणार हाईस? दोन मार्क असंच सोडणार? मामा शिरोळला न्यायला टपून बसलाय, ठाऊक हाय न्हवं?"

तिनं पायाच्या अंगठ्यानं फरशीवर एक रेघ ओढली. मग म्हणाली, "सर, माणूस जमिनीतच हाय की. मी त्याला वर कुठनं आणू?"

सर खुर्चीवर बसले. कुणी ढकलल्यासारखे. तो वर्ग, ते न हसलेले चेहरे, बाळासोची खाली गेलेली मान, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

"पोरी, मी... माझ्या तोंडातनं..."

"तुम्ही नेहमीच म्हणता, सर. अब्बा घरी पण सांगायचे. हसत हसत सांगायचे." तिनं डोक्यावरची ओढणी पुढं ओढली. "पेन टेकवलं की मला ते वाक्य ऐकू येतं. मग अब्बा ओरडतील म्हणून वाट बघते. ते ओरडत न्हाईत. मग मी जमिनीवरनंच कोन काढते."

त्या दिवशी घरी सरांनी ताट सरकवलं. त्यांच्या बायकोनं, विमलावहिनींनी, विचारलं तेव्हा घडलं ते सांगितलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांना शिकवता, एकही पायरी गाळायची नाही. बोलताना तुम्हीच केवढी गाळलीत. समोर कोण बसलंय, ते मानलंच नाहीत."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी हाफिजाला मैदानात बोलावलं. साधन कपाटातनं काढलेलं होतं, दोरा नवा बांधलेला.

"सर, मला नको हे."

"उंची मोजायची न्हाय. नुसती इथं उभी रहा." त्यांनी तिला भिंतीजवळ नेलं. तांबडी रेघ अजून तशीच होती, जरा उडालेली. "पाठ लाव भिंतीला. टाचा टेकव. समोर बघ."

ती उभी राहिली. सरांनी पट्टी आडवी धरली, तिच्या डोळ्यांपासून भिंतीपर्यंत. पट्टी रेघेवर आली. तंतोतंत.

डोळे पुसायला सरांनी चष्मा काढला आणि पुसला चष्माच.

"अमीनचीच पोर तू," ते शेवटी म्हणाले. "बघ मागं वळून."

तिनं वळून रेघ बघितली. मग त्या रेघेवरनं बोट फिरवत राहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. खांदे हलायला लागले. सरांनी तिला रडू दिलं. मैदानात बाकी कुणी नव्हतं. घंटेचा लोखंडी तुकडा वाऱ्यानं हलत होता आणि तो वाजवायला नवा शिपाई अजून लागला नव्हता.

"एकदा मोजलेलं माप माणूस गेला म्हणून कमी होत न्हाय," सर म्हणाले. "मी मूर्ख, मला बोलता आलं न्हाय. पण ही पायरी तू माझ्यामुळं गाळू नकोस. त्यानं तुझ्यासाठी शब्द दिलाय. आता सीडी तू हाईस. उभी रहा, आणि बघ."

बारा मीटरच्या खुणेवर ती गेली. साधन डोळ्याला लावलं. दोरा थरथरत होता, तो स्थिर व्हायला वेळ लागला. मग तिनं बारीक आवाजात सांगितलं, "पंचेचाळीस."

"मग उंची?"

"बारा..." ती थांबली. सरांनी तोंड गच्च मिटून घेतलं होतं. "अधिक दीड. साडेतेरा मीटर."

त्यानंतर ती रोज तसलं एक उदाहरण लिहून आणायची. आधी पानाच्या कडेला कच्ची आकृती असायची, त्यात रेघेऐवजी चक्क टोपीवाला छोटा माणूस. मग पक्क्या आकृतीत तो माणूस म्हणजे सीडी. डोळ्यापासून इमारतीवर लंब सीई. सीईबीडी आयत, म्हणून ईबी बरोबर सीडी, दीड मीटर. सर टोपीवर कधीही लाल पेन चालवत नसत. फक्त एकदा म्हणाले, "बोर्डाच्या पेपरात टोपी घालू नकोस हं. टोपी मनात घालायची."

ती हसली. अमीन गेल्यापासून पहिल्यांदा.

मार्चात परीक्षा झाली. भूमितीच्या पेपराला सर केंद्राबाहेर उन्हात उभे. दिलदार पण आला होता, मोटारसायकल लावून, घामाघूम. "सर, मी काय वाईटासाठी म्हणत न्हाय," तो म्हणाला. "दाजी असते तर गोष्ट येगळी. आता बाईमाणसाच्या घरात पोरगी कोण सांभाळणार?"

"तुमच्या दाजींनी शब्द दिलाय, दिलदारभाई."

"म्हणूनच तर आलोय बघायला. मेलेल्या माणसाचा शब्द मोडणारा मी न्हाय. इकडं पण न्हाय, तिकडं पण न्हाय."

हाफिजा बाहेर आली. सरांनी प्रश्नपत्रिका हातातनं ओढूनच घेतली. ते होतंच. दीड मीटर उंचीचा माणूस, इमारतीपासून वीस मूळ तीन मीटरवर, उन्नत कोन तीस अंश.

"वर किती?"

"वीस."

"मग?"

"साडेएकवीस, सर. आकृतीत सीडी काढला. समजा सीडी हा माणूस, लिहिलं. आयत लिहिला. 'इमारतीची उंची साडेएकवीस मीटर आहे,' लिहिलं." ती जरा थांबली. "दीड मिळवताना हात थांबला होता. म्हणून दोनदा वाचून बघितलं, मिळवलाय का ते."

निकाल जूनमध्ये लागला. भूमितीत पैकीच्या पैकी. हुसेनबी दाराला धरून रडली, आणि दिलदार कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून म्हणाला, "घाला पॉलिटेक्निकला. फॉर्म मी आणतो." आणि खरंच आणला.

संध्याकाळी हाफिजा पेढे घेऊन सरांकडं आली. पेढा दिला, पाया पडायला वाकली, सरांनी अडवलं. ती जायला वळली आणि उंबऱ्यातच थांबली.

"सर, एक काम होतं. आमच्यात बायका कब्रस्तानात जात न्हाईत. मामा म्हणाला मी सांगतो, पण त्याला भूमिती कळत न्हाय. तुम्ही जाऊन अब्बांना सांगाल?"

सर गेले. ऊन उतरलं होतं. त्या कबरीवर गवत आलं होतं, कडेला सब्जाचं एक रोप कुणीतरी लावलेलं होतं, ते वाढलं होतं. सरांनी चपला काढल्या. इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं.

"अमीनभाई," ते म्हणाले, वर्गात बोलायचे तसं मोठ्यानं, मग आवाज आपोआप खाली आला. "समजा सीडी हा माणूस. अंतर वीस मूळ तीन. कोन तीस. वरचा भाग वीस मीटर. पोरीनं एकही पायरी गाळली न्हाय, तुम्हाला मिळवलं. म्हणून..."

शेवटचं वाक्य राहिलं होतं. पूर्ण वाक्यात, एककासकट. इतकी वर्षं पोरांकडनं ते घासून घेतलं, एक शब्द कमी असला तर मार्क कापले. आज ते त्यांच्या तोंडातनं निघेना. ते वाट बघत उभे राहिले, कुणीतरी दोन्ही हात वर करून ओरडेल अशी.

अंधार पडायला लागला तसे सर खाली वाकले, वाढलेलं गवत हातानं जरा बाजूला सारलं, आणि उत्तर तसंच अर्धं सोडून घरी आले.